शेवटचा शब्द बटणाखाली

जुलाब सुरू झालेल्या तान्ह्या बाळाच्या आईला आरोग्यसेविका एक गोष्ट हमखास सांगतात: ‘बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका.’ हेच वाक्य उभ्या व्हिडिओवर मोठ्या अक्षरांत, एका ओळीत लिहिलं आणि ती ओळ पडद्याच्या खालच्या भागात ठेवली, तर इन्स्टाग्रामवर तिचा शेवटचा शब्द उजवीकडच्या बटणांच्या रांगेखाली जातो. आवाज बंद ठेवून रील बघणाऱ्या आईला ‘बाळाला अंगावर पाजणं थांबवू’ एवढंच दिसतं. पुढचा ‘नका’ हृदयाच्या किंवा कागदी विमानाच्या चिन्हामागे असतो. सल्ला उलटा होतो, आणि तो उलटा झाल्याचं रील बनवणाऱ्याला कळतही नाही, कारण त्याच्या संगणकावर ते वाक्य अगदी पूर्ण दिसत असतं.

मराठीत हा धोका जास्त आहे. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. नका, नये, नाही, नको हे शब्द ओळीच्या टोकाला असतात, आणि ओळीचं टोक म्हणजे पडद्याची उजवी बाजू. उभ्या व्हिडिओचं प्रत्येक मोठं ॲप आपली बटणं नेमकी तिथेच ठेवतं, खाली उजवीकडे. म्हणून मराठी रीलवर अक्षरं कुठे ठेवावीत, हा प्रश्न नुसत्या देखणेपणाचा राहत नाही.

व्हिडिओवर कायमची उमटवलेली, बोलण्याबरोबर बदलत जाणारी अक्षरं म्हणजे कॅप्शन, असं या लेखापुरतं धरू. इन्स्टाग्रामवर पोस्टखाली जो मजकूर टंकला जातो त्यालाही लोक कॅप्शनच म्हणतात. घोळ नको म्हणून त्याला इथे वर्णन म्हणतो.

उभ्या व्हिडिओची चौकट १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असते, म्हणजे ९:१६. एडिटिंगच्या ॲपमध्ये ही चौकट पूर्ण मोकळी दिसते. प्रत्यक्षात तो व्हिडिओ फोनवर कधीच मोकळा दिसत नाही. रील बघताना डावीकडे खाली खात्याचा फोटो, नाव आणि ‘फॉलो’चं बटण असतं. त्याखाली वर्णनाची ओळ, आणि तिच्या आसपास गाण्याचं नाव. उजवीकडे लाइक, कमेंट, शेअर आणि तीन टिंबं अशी उभी रांग, तिच्या तळाशी गाण्याचं छोटं चित्र. वरच्या पट्ट्यात ॲपची स्वतःची चिन्हं, आणि त्याच्याही वर फोनचं घड्याळ आणि बॅटरी. यूट्यूब शॉर्ट्सची मांडणी जवळजवळ अशीच आहे. उजवीकडे बटणांची रांग, डावीकडे खाली चॅनेलचं नाव, ‘सबस्क्राइब’ आणि शीर्षक, तळाला व्हिडिओ किती पुढे गेला ते दाखवणारी बारीक रेघ. या सगळ्यांतून जी जागा खात्रीने मोकळी उरते तिला व्हिडिओवाले सेफ झोन म्हणतात.

ही कल्पना फोनच्या आधीची आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्राच्या कडा चौकटीआड जायच्या, आणि किती जायच्या हे प्रत्येक संचावर वेगळं असायचं. म्हणून टीव्हीच्या लोकांनी नियम केला होता की अक्षरं चित्राच्या मधल्या ८० टक्के भागात ठेवायची आणि महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत. पुढे सपाट पडदे आले, कडा कापल्या जाणं कमी झालं, आणि हे आकडे ९० आणि ९३ टक्के झाले. एडिटिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘सेफ मार्जिन’ नावाचं बटण दाबलं की आजही दोन चौकटी उमटतात, त्या याच टीव्हीच्या नियमातल्या.

रील बनवताना याच चौकटींवर विसंबलं की गडबड होते. टीव्हीवर चारही कडा सारख्याच कापल्या जात, त्यामुळे सगळीकडून थोडं थोडं आत सरकलं की काम भागायचं. फोनवरचं झाकलं जाणं लंगडं आहे. डावीकडे फारसं काही जात नाही, वर थोडं जातं, खाली खूप जातं, आणि उजवीकडचा अर्धा वरचा भाग मोकळा, अर्धा खालचा भरलेला. टीव्हीचा जुना, जास्त सावध ८० टक्क्यांचा नियम उभ्या चौकटीला लावला, तर खालून १९२ पिक्सेल सोडले जातात. रीलमध्ये खालचे १९२ पिक्सेल सोडून ठेवलेली ओळ बरोबर वर्णनाच्या आणि खात्याच्या नावाच्या गर्दीत जाऊन बसते. सॉफ्टवेअर मात्र हिरवा कंदील दाखवत असतं.

मग किती जागा सोडायची? मेटाने रीलवर जाहिराती देणाऱ्यांसाठी स्वतःच एक माप सांगितलेलं आहे: वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के अक्षरं, लोगो यांपासून मोकळे ठेवा. पिक्सेलमध्ये बघायचं तर वरून सुमारे २७०, खालून ६७२ आणि बाजूंनी ६५. म्हणजे वरून मोजत आलं तर २७० ते १२४८ एवढाच पट्टा अक्षरांसाठी उरतो. चौकटीची जवळजवळ अर्धी उंची. पहिल्यांदा ऐकताना हे अति वाटतं. पण जाहिरातीच्या रीलवर वर्णनाबरोबर ‘अधिक माहिती’ किंवा ‘खरेदी करा’ अशा बटणाची पट्टीही येते, आणि हे माप तिला धरून आहे. साध्या रीलवर अनेकदा त्याहून थोडं खाली गेलं तरी चालतं. मी मात्र जाहिरातीचंच माप पाळतो. कारण साध्या रीलवरही खालची गर्दी वाढत असते: ठिकाणाचं नाव जोडलं की एक ओळ, सशुल्क भागीदारीची सूचना असली की आणखी एक. शॉर्ट्सवर दुसऱ्या व्हिडिओचा दुवा जोडला की तो चॅनेलच्या नावाच्या वर येऊन बसतो. आणि उद्या एखाद्या संस्थेला तोच व्हिडिओ पैसे देऊन जास्त लोकांपर्यंत न्यायचा झाला, तर तो पुन्हा बांधावा लागत नाही.

बाजूंच्या ६ टक्क्यांवर मात्र मी थांबत नाही. उजवीकडे ६५ पिक्सेल सोडून बटणांची रांग चुकत नाही, ती त्याहून बरीच आत येते. मेटाच्या मापात खालचे ३५ टक्के आधीच वगळलेले असल्याने रांगेचा बराचसा भाग त्यात जातो. तरी रांगेचं वरचं टोक त्या रेषेच्याही वर डोकावतं, आणि ॲपमध्ये एखादं नवं बटण आलं की ती आणखी वर चढते. म्हणून चौकटीच्या मध्याखाली कुठेही अक्षरं असतील तर उजवीकडून १८० पिक्सेल सोडावेत असा माझा नियम आहे. ओळी मध्यावर जुळवायच्या असतील तर डावीकडूनही तेवढेच. मधे ७२० पिक्सेलचा रकाना उरतो.

डावीकडे एवढी जागा वाया घालवण्याला आणखी एक कारण आहे. आजचे बरेच फोन ९:१६ पेक्षा उंच आहेत. १०८० बाय २४०० पिक्सेलचा पडदा आता अगदी साधा झाला आहे. अशा पडद्यावर १९२० उंचीचा व्हिडिओ दाखवताना ॲपकडे दोन वाटा असतात. एक तर वर-खाली काळी पट्टी सोडायची, नाहीतर व्हिडिओ ताणून पडदा भरायचा. ताणला तर बाजू कापल्या जातात. २४०० उंची भरायला व्हिडिओ सव्वापट मोठा करावा लागतो, म्हणजे मूळ चौकटीतले प्रत्येक बाजूचे १०८ पिक्सेल पडद्याबाहेर जातात. बाजूला ६५ पिक्सेल सोडून सुरू केलेल्या ओळीचं पहिलं अक्षर अशा वेळी कापलं जातं. १८० सोडलेल्या ओळीला काही होत नाही.

आता ते जुलाबाचं रील पूर्ण करून बघू. समजा, एका ग्रामीण आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला मिनिटभराचं रील करायचं आहे. विषय घरच्या घरी करायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. यात ‘अर्धा’ आणि ‘सपाट’ हे दोन शब्द जिवाचे आहेत. मीठ जास्त झालं तर ते पाणी लहान मुलाला अपाय करतं. म्हणजे कॅप्शनमधला प्रत्येक शब्द दिसला पाहिजे, आणि आकडा तर दिसलाच पाहिजे.

एडिटिंगच्या ॲपमध्ये परिचारिका अक्षरांची पेटी उघडते. ॲप बहुधा ती पेटी चौकटीच्या तळाकडे ठेवतं आणि अक्षरं मोठी देतं. ९० पिक्सेलच्या अक्षरांत ‘बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका’ ही ओळ साधारण ९६० पिक्सेल रुंद होते. मध्यावर ठेवली तर ती डावीकडे ६० पासून उजवीकडे १०२० पर्यंत पसरते. शेवटचा ‘नका’ ९०० ते १०२० या पट्टीत येतो, आणि खालच्या भागात ही पट्टी बटणांची आहे. इथे अक्षर लहान करून ओळ बसवायचा मोह होतो. तसं करू नये, कारण लहान अक्षरं चाळिशीच्या पुढच्या डोळ्यांना साध्या फोनवर वाचता येत नाहीत. ओळ तोडावी. ‘बाळाला अंगावर’ ही वरची ओळ आणि ‘पाजणं थांबवू नका’ ही खालची. क्रियापद आणि त्याचा नकार एका ओळीत राहिले, आणि ७२ पिक्सेलच्या ठसठशीत अक्षरांतही दोन्ही ओळी ७२० च्या रकान्यात आरामात मावल्या.

पाककृतीच्या वाक्यालाही हेच. ‘एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ’ हे बोलताना एक वाक्य आहे, पडद्यावर त्याचे दोन तुकडे करावे लागतात. आधी ‘एक लिटर पाण्यात’ आणि त्याखाली ‘सहा सपाट चमचे साखर’. ते गेलं की एकट्याने ‘अर्धा सपाट चमचा मीठ’. या मापात एका ओळीत मधली जागा सोडून १३-१४ अक्षरं बसतात असा अंदाज धरायला हरकत नाही. जोडाक्षरं आणि काने जास्त असतील तर एखाद-दोन कमी. आकडा आणि त्याची वस्तू कधीही वेगळ्या ओळींत जाऊ द्यायची नाही. ‘सहा सपाट’ वर आणि ‘चमचे साखर’ खाली असं तुटलं, आणि खालची ओळ कशानेही झाकली गेली, तर वाचणाऱ्याला कशाचे सहा ते कळणार नाही.

ओळी दोन झाल्या की एक नवी अडचण येते, आणि ती सर्वांत फसवी आहे. अक्षरांची पेटी कुठून धरलेली आहे यावर ती कुठे वाढते हे ठरतं. वरून धरलेली असेल तर दुसरी ओळ खाली उतरते. मध्यावर धरलेली असेल तर अर्धी वर, अर्धी खाली वाढते. रील बनवणारा साधारणपणे पहिलं कॅप्शन बघून जागा ठरवतो. ते एका ओळीचं असतं, सेफ झोनमध्ये नीट बसतं, आणि तीच जागा पुढच्या सगळ्या कॅप्शनना लागू होते. मग विसाव्या सेकंदाला दोन ओळींचं कॅप्शन येतं आणि त्याची दुसरी ओळ खात्याच्या नावावर उतरते. आपली महत्त्वाची वाक्यं लांब असतात, म्हणून दोन ओळींची असतात, म्हणून नेमकी तीच झाकली जातात. यावर उपाय सोपा आहे: पेटी खालून धरायची. सॉफ्टवेअरमध्ये उभ्या जुळणीचे तीन पर्याय असतात, त्यांतला तळाचा निवडायचा आणि तो तळ १२३० पिक्सेलवर नेऊन ठेवायचा. एक ओळ असली काय, दोन असल्या काय, वाढ वरच्या बाजूलाच होते. ७२ पिक्सेलच्या अक्षरांना देवनागरीत ओळीमागे सुमारे १०० पिक्सेल द्यावे लागतात, तेव्हा दोन ओळींचा ठोकळा १०३० ते १२३० मध्ये बसतो.

ते १०० पिक्सेल कशाला, हेही सांगायला हवं. रोमन लिपीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, रफार एकमेकांत अडकतात. ‘अर्धा’वरचा रफार वरच्या ओळीतल्या उकाराला चिकटला की लहान पडद्यावर तो शब्द ओळखायला वेळ लागतो, आणि कॅप्शन तर दोन-तीन सेकंदांत निघून जातं. अक्षरांमागे गडद पट्टी देणाऱ्यांनी ती पट्टी वेलांटीच्या वर आणि उकाराच्या खाली पुरते ना, तेही बघावं.

कॅप्शन एवढ्या वर आणलं की ते चेहऱ्यावर येतं, ही तक्रार मी अनेकदा ऐकतो. ती खरी आहे, आणि तिचं उत्तर एडिटिंगमध्ये सापडत नाही, चित्रीकरणातच शोधावं लागतं. फोन हातभर अंतरावर धरून स्वतःच काढलेल्या व्हिडिओत हनुवटी साधारण चौकटीच्या मध्याच्या खाली येते. त्यावर १०३० पासून अक्षरं आली की ती ओठांवर येतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यातले बरेच जण कॅप्शन वाचता वाचता ओठांची हालचालही बघत असतात. त्यांच्यासाठी घातलेल्या कॅप्शननेच ती झाकू नये. फोन तिकाटण्यावर लावून थोडा मागे न्यावा, चेहरा ३०० ते ९०० च्या दरम्यान ठेवावा. मग कॅप्शन छातीवर येतं, जिथे बघण्यासारखं काही नसतं.

मीठ-साखरेच्या पाण्याच्या रीलमध्ये तर हातांचं कामही दाखवायचं आहे. चमचा सपाट कसा करायचा, शिगोशीग भरलेल्या चमच्यावरून सुरीची मागची बाजू कशी फिरवायची, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. टेबलावरच्या वस्तू कॅमेऱ्यात स्वाभाविकच खाली येतात, आणि मग चमचा वर्णनामागे जातो. सेफ झोन फक्त अक्षरांसाठी आहे असं मानलं की असं होतं. या प्रसंगासाठी कॅमेरा खाली झुकवून भांडं आणि चमचा ६०० ते १२०० च्या पट्ट्यात आणावेत, आणि तेवढ्यापुरतं कॅप्शन वर, ३०० ते ५०० च्या जागी न्यावं. १२५० च्या खालचा भाग टेबलाच्या फळीने किंवा साध्या कापडाने भरलेला राहू द्यावा. एडिटिंग करताना तो भाग ओस वाटतो आणि तिथे काहीतरी लिहावंसं वाटतं. फोनवर गेल्यावर तिथे नाव, वर्णन, बटणं येतात आणि चौकट भरते. कॅप्शनची जागा मात्र एका रीलमध्ये एकदाच, फार तर दोनदा बदलावी. दर वाक्याला ती वर-खाली पळाली तर वाचणाऱ्याचा अर्धा वेळ ओळ शोधण्यात जातो.

वरच्या टोकाला दुसऱ्या एका कारणासाठी जपावं लागतं. इन्स्टाग्रामच्या मुख्य पानावर स्क्रोल करताना रील पूर्ण उंचीत न दिसता ४:५ मध्ये कापून दिसतं. १०८० रुंदीला १३५० उंची, म्हणजे वरचे आणि खालचे २८५-२८५ पिक्सेल जातात. खात्याच्या पानावरच्या जाळीत २०२५ च्या जानेवारीपासून चौकोनांऐवजी ३:४ चे उभे तुकडे आहेत, तिथे वर-खाली २४०-२४० जातात. म्हणून ‘घरचं मीठ-साखर पाणी’ असं शीर्षक पहिल्या चित्रावर लिहायचं असेल तर ते ३०० च्या खाली सुरू करावं. २७० ची रेषा पाळणाऱ्याला मग फक्त ३० पिक्सेल आणखी खाली यावं लागतं, आणि तीनही ठिकाणी शीर्षक शाबूत राहतं.

हे सगळे आकडे आजच्या मांडणीचे आहेत. ॲप बदलतात, आणि बदलण्यापूर्वी कोणी कळवत नाही. एखादं बटण वाढतं, चिन्हांचा आकार बदलतो, खालची पट्टी वर सरकते. इंटरनेटवर मिळणारे सेफ झोनचे तयार साचे त्यामुळे लवकर शिळे होतात, आणि साच्यावर तो कधी केला याची तारीख क्वचितच असते. त्यापेक्षा स्वतःचं मोजमाप घेणं चांगलं, आणि ते अर्ध्या तासाचं काम आहे. कॅनव्हासारख्या कोणत्याही ॲपमध्ये १०८० बाय १९२० चं पांढरं पान घ्यायचं. त्यावर दर १०० पिक्सेलला एक आडवी रेघ मारायची. रेघेचा आकडा तीन जागी लिहायचा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. तशाच दर १०० ला उभ्या रेघा. हे चित्र पाच-सहा सेकंदांचा व्हिडिओ म्हणून साठवायचं आणि एखाद्या खासगी खात्यावर रील म्हणून टाकायचं.

टाकताना मुद्दाम सगळं जोडायचं. लांबलचक वर्णन, ठिकाण, गाणं, दुसऱ्या कोणाला टॅग. गर्दी जास्तीत जास्त किती होते हे आपल्याला बघायचं आहे. मग फोनवर ते रील उघडून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि आकडे वाचायचे. १३०० ची रेघ डावीकडे स्वच्छ दिसते का, नावाची ओळ कोणत्या रेघेवर बसली, उजवीकडचं पहिलं बटण कोणत्या आकड्यावर सुरू झालं, उभ्या ९०० च्या पलीकडचं काय दिसतं, पहिली आणि शेवटची उभी रेघ पडद्यावर आहे की कापली गेली. हाच व्हिडिओ शॉर्ट्सवर टाकून पुन्हा वाचायचा. व्हॉट्सॲप स्टेटसवर आपली माणसं जास्त बघत असतील तर तिथेही. तिथे वर नाव आणि रेघांची पट्टी, खाली उत्तर द्यायची जागा, आणि स्टेटस टाकताना काही लिहिलं असेल तर तेही खालीच दिसतं. सगळ्या ठिकाणी मोकळी दिसलेली समान जागा हाच आपला सेफ झोन. परदेशातल्या मराठी नातेवाइकांसाठी टिकटॉकवर टाकणारे कोणी असतील तर त्यांनी हीच पट्टी तिथल्या कुणाकडून बघून घ्यावी, भारतात ते ॲप जून २०२० पासून बंद आहे.

एका फोनवर थांबू नये. घरातल्या जुन्या, आखूड पडद्याच्या फोनवर आणि एखाद्या नव्या, उंच पडद्याच्या फोनवर तीच पट्टी बघावी. आणि आणखी एक फोन मी आवर्जून बघतो: सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं सर्वांत मोठी केलेला. वयस्क माणसं तसा फोन वापरतात. फोनची अक्षरं मोठी केली की ॲपमधली नावं, वर्णनंही बहुधा मोठी होतात, जास्त जागा घेतात, आणि खालची गर्दी वर चढते. म्हणजे ज्याची नजर अधू आहे, ज्याला ऐकूही कमी येतं, त्याच्या फोनवर आपलं कॅप्शन झाकलं जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. मापं ठरवायची तर याच फोनवरून ठरवावीत असं मला मनापासून वाटतं.

काही गोष्टी आपल्या हातात राहत नाहीत. बघणाऱ्याने वर्णनावर बोट ठेवलं की ते उलगडतं आणि पडद्याचा मोठा भाग व्यापतं. कमेंट उघडल्या की त्यांची पट्टी खालून चढते. अँड्रॉइड फोनमध्ये बोलणं आपोआप अक्षरांत दाखवणारी सोय चालू असेल तर तिची चौकट कुठेही तरंगत असू शकते. हे तात्पुरतं असतं, बघणाऱ्याने स्वतः आणलेलं असतं, आणि तो ते दूर करू शकतो. मात्र ॲपची आपोआप कॅप्शन दाखवायची सोय आपण स्वतःच चालू ठेवली आणि व्हिडिओवरही अक्षरं उमटवली, तर दोन मजकूर एकमेकांवर चढतात. त्यातलं एकच ठेवावं. यूट्यूबवर कॅप्शनची वेगळी फाइल जोडता येते. ती चित्रात उमटत नाही, बघणाऱ्याला चालू-बंद करता येते, आणि तिची जागा ॲप सांभाळतं. इन्स्टाग्रामवर देवनागरीतली नेमकी अक्षरं, हव्या त्या ठिकाणी तोडलेल्या ओळी हव्या असतील तर ती उमटवण्याला पर्याय नाही, आणि मग जागेची जबाबदारीही आपल्याकडेच येते.

आधीच टाकलेल्या रीलचं काय करायचं, हे शेवटी सांगतो, कारण त्यांची संख्या मोठी असते. इन्स्टाग्रामवर काय आणि यूट्यूबवर काय, प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओच्या जागी नवा व्हिडिओ ठेवता येत नाही. तरी कॅप्शन झाकणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपणच जोडलेल्या असतात, आणि त्या काढता येतात. ठिकाण काढलं की एक ओळ कमी होते. वर्णनाची पहिली ओळ बदलता येते, आणि उलगडण्यापूर्वी तीच दिसते. तिथे शुभेच्छा, हॅशटॅग किंवा ‘शेवटपर्यंत बघा’ असं काही असेल तर ते काढून झाकलेला मजकूर लिहावा: ‘१ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंगावरचं दूध चालू ठेवा.’ शेवटच्या वाक्यात ‘नका’ नाही, हे मुद्दाम केलं आहे. वर्णनाची ओळही टोकाला कापली जाते. हेच वाक्य कमेंटमध्ये लिहून ती कमेंट वर खिळवून ठेवता येते. आणि ज्या रीलमध्ये औषधाचं प्रमाण, तारीख, फोन नंबर किंवा नकार झाकला गेला आहे, ते कितीही जणांनी बघितलेलं असलं तरी उतरवावं, मूळ फाइल उघडून पेटी खालून धरावी, १२३० वर ठेवावी आणि पुन्हा टाकावं.